सात माणसांच्या कंपनीला लिहिलेलं पत्र



गेली तीन-चार वर्षं रविवारी सकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी मंडळाच्या वाचनालयात बसतो आणि मुलामुलींचे नोकरीचे अर्ज वाचून देतो. सुरुवातीला बहुतेक अर्ज बँकांचे, शाळांचे आणि पीथमपूरच्या कारखान्यांचे असत. आता निम्मेअधिक अर्ज अशा कंपन्यांना जातात, ज्यांचं नाव आम्ही ऐकलेलं नसतं आणि ज्यांच्यात सात, नऊ किंवा बारा माणसं काम करतात. यांना स्टार्टअप म्हणतात. त्यांच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात. एक, उमेदवाराला अनिश्चिततेत काम करता आलं पाहिजे. दोन, त्याने अनेक टोप्या घालायची तयारी ठेवावी. हा दुसरा वाक्प्रचार इंग्रजी आहे, आणि वाचल्यावर आम्हाला आधी हसूच आलं. आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं. त्यांना म्हणायचं असतं ते इतकंच, की पडेल ते काम करावं लागेल.

या दोन मागण्यांना पत्रात उत्तर कसं द्यायचं, हे आम्ही एका मुलीच्या अर्जावरून शिकलो. तिच्या संमतीने तो अर्ज इथे मांडत आहोत. नावं गाळली आहेत.

मुलगी मंडळातल्याच एका कुटुंबातली. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं दवा बाजारात एका औषधांच्या स्टॉकिस्टकडे काम करत होती. पगार २२ हजार. त्यातले ११ हजार दरमहा घराच्या कर्जाच्या हप्त्यात जात, त्यामुळे नोकरी बदलणं हा घरात सगळ्यांचाच प्रश्न होता. तिला अर्ज करायचा होता तो इंदूरमधल्याच एका सात माणसांच्या कंपनीकडे. ही कंपनी ज्वारी आणि नाचणीची तयार पिठं पुड्यांमध्ये भरून ऑनलाइन विकते. जागेचं नाव होतं 'ऑपरेशन्स असोसिएट'. वडील म्हणाले, "सात माणसांची कंपनी म्हणजे कंपनी की दुकान?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

तिने आणलेला पहिला मसुदा असा होता: "मी कष्टाळू, प्रामाणिक आणि लवकर शिकणारी आहे. मला अनिश्चित वातावरणात काम करायला आवडतं. मी अकाउंट्स, विक्री, मार्केटिंग, ग्राहकसेवा, सोशल मीडिया, भरती आणि डिझाइन अशी कोणतीही जबाबदारी घेऊ शकते. आपण द्याल ते काम मी आनंदाने करीन."

व्याकरण निर्दोष होतं. पण आमच्यापैकी एकाने बँकेत पंचवीस वर्षं कर्जाचे प्रस्ताव वाचलेत. तो म्हणाला, "हा बिनतारणाचा प्रस्ताव आहे." धंदा उत्तम चालेल, फेड वेळेवर होईल, मालक सचोटीचा आहे, असं सगळं लिहिलेलं, पण सोबत ना ताळेबंद, ना खात्याचा उतारा. अशा प्रस्तावातलं एकही वाक्य खोटं नसतं, आणि त्यावर एक रुपयाही देता येत नाही.

सात माणसांच्या कंपनीत हे पत्र कोण वाचतं, याचा आधी विचार करू. तिथे भरतीचं वेगळं खातं नसतं. मालक, म्हणजे ज्याने कंपनी काढली तो, रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर चाळीस-पन्नास अर्ज चाळतो. दिवसभर त्याने कुरिअरवाल्याशी भांडण केलेलं असतं, जीएसटीचं विवरण कुठे अडलंय ते पाहिलेलं असतं आणि एका ग्राहकाच्या फुटलेल्या पुड्याचे पैसे परत केलेले असतात. त्याला नव्या माणसाविषयी दोन भीती असतात. पहिली, हा प्रत्येक गोष्ट मला विचारायला येईल आणि माझं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. दुसरी बरोबर उलट: हा मला काहीच विचारणार नाही, स्वतःच्या अकलेने काहीतरी करून बसेल आणि ते मला महिनाअखेरीला कळेल. 'मला अनिश्चितता आवडते' या वाक्याने दोन्हीपैकी एकही भीती जात नाही. दुसरी उलट थोडी वाढते.

आम्हा बँकवाल्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागला, कारण आमचं आयुष्य परिपत्रकांत गेलं. प्रत्येक गोष्टीला नियम, प्रत्येक अधिकाऱ्याला मंजुरीची मर्यादा. तरी शाखेत असे प्रसंग येतच, की नियम गप्प असे आणि वरचा साहेब फोनवर मिळत नसे. तेव्हा चांगला शाखाधिकारी काय करी? जेवढ्यास तेवढा निर्णय घेई, कारणं त्याच दिवशी कागदावर लिही, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीला कळवून मान्यता मागे. लहान कंपनीला अनिश्चिततेत काम करणारा माणूस हवा असतो, म्हणजे हाच माणूस हवा असतो. आणि तो पत्रात दाखवायचा तर विशेषणांनी दिसत नाही. त्यासाठी एक प्रसंग सांगावा लागतो.

म्हणून आम्ही तिला विचारलं, "तीन वर्षांत असं कधी झालं का, की काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं आणि तरी करावं लागलं?" आधी म्हणाली, असं काही नाही. मग दहा मिनिटांनी, दुसरंच काही बोलताना, म्हणाली, "काका, शेठजी दहा दिवस दवाखान्यात होते तेव्हा उधारी मीच सांभाळली."

प्रसंग असा. स्टॉकिस्टचा माल मेडिकलवाल्यांना उधारीवर जातो. पण कुणाला किती उधारी द्यायची याचा लेखी नियम त्या दुकानात नव्हता, तो शेठजींच्या डोक्यात होता. एका सकाळी शेठजींना अचानक दाखल करावं लागलं. त्यांचा मुलगा दवाखान्यात, दुकानात ही आणि तीन जण. ऑर्डरी येतच होत्या. सगळ्यांना माल द्यावा तर पैसे अडकणार, सगळ्यांना रोखीत द्या म्हणावं तर जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या स्टॉकिस्टकडे जाणार.

तिने काय केलं? संगणकातून मागच्या सहा महिन्यांची वसुली काढली. १४० दुकानं होती. जी २१ दिवसांच्या आत पैसे देतात अशी ८६ निघाली, त्यांना नेहमीप्रमाणे माल. २१ ते ४५ दिवस लावणारी ३७, त्यांना त्यांच्या सरासरी बिलाच्या निम्म्यापर्यंत. उरलेल्या १७ दुकानांना रोख किंवा यूपीआय. इन्सुलिनसारखं औषध मात्र कुणालाही नाकारायचं नाही, एका रुग्णापुरतं द्यायचं. रोज रात्री शेठजींच्या मुलाला पाच ओळींचा निरोप: आज किती माल गेला, किती वसुली झाली, नियमाबाहेर कुणाला दिलं, उद्या कोणता निर्णय येणार, आणि त्यातल्या कशाला तुमचा होकार हवा.

दहा दिवसांत २१२ बिलं झाली. त्यातली तीन मुदतीत वसूल झाली नाहीत, रक्कम १८,४००. आणि एक चूकही झाली. एक जुना, चोख दुकानदार तिसऱ्या गटात पडला, कारण त्याचे चेक त्याच्या भावाच्या फर्मच्या नावे जमा होत होते. तो तापला. ही स्वतः त्याच्या दुकानात गेली, माफी मागितली, आणि त्या रात्री अशी आणखी खाती आहेत का ते शोधलं. दोन सापडली.

हे सांगून ती म्हणाली, "पण काका, चूक झाली ते कशाला लिहायचं?" आमच्यातही यावर मतभेद झाले. एकाचं म्हणणं होतं की अर्जात स्वतःची चूक लिहिणारा माणूस आम्ही पाहिला नाही. शेवटी ठरलं, लिहायचं, पण दोन वाक्यांत आणि दुरुस्तीसकट. अनिश्चित परिस्थितीत घेतलेले सगळेच निर्णय बरोबर आले असं जो सांगतो, तो एक तर खोटं बोलतोय किंवा त्याची परिस्थिती फारशी अनिश्चित नव्हती. धंदा चालवणाऱ्याला हे लगेच कळतं.

आता टोप्यांचा प्रश्न. पहिल्या मसुद्यात सात कामांची यादी होती. अशी यादी वाचून मालकाला वाटतं, हिला नक्की काहीच येत नाही. इंदूरच्या बोलीत 'हरफनमौला' हा शब्द कौतुकाने वापरतात, पण अर्जात तो अंगाशी येतो. आमचा सल्ला असा होता, की एक काम मुख्य म्हणून सांगायचं, ज्यात तिचा हात पक्का आहे. तिचं ते काम म्हणजे हिशेब जुळवणं. त्याला लागून असलेली दोन कामं सांगायची, जी तिने प्रत्यक्ष केली आहेत: माल पाठवणं आणि तक्रारीचे फोन घेणं. आणि एक काम असं सांगायचं, जे तिला येत नाही. डिझाइन तिला येत नव्हतं, तिने लग्नपत्रिकेचा एक मजकूर मोबाइलवर मांडला होता इतकंच. ते काढायला लावलं. 'येत नाही' असं एक वाक्य लिहिलं की 'येतं' म्हटलेल्या बाकीच्या कामांवर विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट तिने स्वतःहून केली, आम्हाला सुचलीही नसती. तिने त्या कंपनीचे दोन पुडे देवासच्या मावशीच्या पत्त्यावर मागवले, पैसे माल मिळाल्यावर. चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला, "अगं, दोन पुडे आणि एवढं मोठं खोकं!" हिने मावशीला पट्टीने खोकं मोजायला लावलं. ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २० उंच. वजन मालासकट १ किलो १०० ग्रॅम.

इथे कुरिअरचा एक नियम माहीत असावा लागतो. कुरिअर कंपनी फक्त वजनाचे पैसे घेत नाही, जागेचेही घेते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात, काही कंपन्या वेगळा आकडा धरतात. उत्तर येईल ते किलोमधलं आकारमानी वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. या खोक्याचं गणित ३० × २५ × २० म्हणजे १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. तोच माल २५ × १८ × १२ च्या खोक्यात मावला असता. त्याचं उत्तर १.०८ किलो, म्हणजे भाडं खऱ्या वजनावर, १.१ किलोवर, लागलं असतं. सव्वा किलोच्या आतला माल तीन किलोच्या भाड्याने चालला होता.

ही गोष्ट तिला पत्रात लिहायची होती, आणि इथे आम्ही तिला थोडं अडवलं. अनोळखी माणसाला पहिल्याच पत्रात 'तुमचं चुकतंय' म्हणणं बरं नव्हे. शिवाय तिला सगळं माहीत नव्हतं. कदाचित कुरिअरशी त्यांचा करार ठरावीक दराचा असेल. कदाचित लहान खोकी त्या आठवड्यात संपली असतील. तेव्हा हे प्रश्न म्हणून लिहायचं: काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, काय माहीत नाही, आणि खात्री कशी करता येईल. हे चार भाग वेगळे ठेवले की अनिश्चितता कशी हाताळायची ते वेगळं सांगावंच लागत नाही. आणि एकच निरीक्षण. तिच्याकडे आणखी चार होती (पुड्यावरचा फोन नंबर लागत नव्हता वगैरे), ती मुलाखतीसाठी ठेवायला सांगितली.

पत्र अर्थात इंग्रजीत गेलं. त्याचा मराठी मजकूर असा:

"नमस्कार,

आपल्या ऑपरेशन्स असोसिएट या जागेसाठी लिहीत आहे. सध्या मी इंदूरच्या एका औषध स्टॉकिस्टकडे तीन वर्षांपासून बिलं, वसुली आणि माल पाठवण्याचं काम पाहते. आमच्याकडे पाच माणसं आहेत, त्यामुळे कुणाचं काम कुठे संपतं हे कागदावर लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मालक अचानक दहा दिवस रुग्णालयात होते. कुणाला किती उधारी द्यायची हे फक्त त्यांना माहीत होतं. मी सहा महिन्यांच्या वसुलीवरून १४० दुकानांचे तीन गट केले, प्रत्येक गटाची मर्यादा ठरवली आणि रोज रात्री त्यांच्या मुलाला झालेले व्हायचे निर्णय कळवले. दहा दिवसांत २१२ बिलं झाली, त्यातली तीन, एकूण १८,४०० रुपयांची, मुदतीत आली नाहीत. एका चांगल्या ग्राहकाला मी चुकीच्या गटात टाकलं, कारण त्याचे पैसे दुसऱ्या नावाने जमा होत होते. त्याची माफी मागितली आणि तशी आणखी दोन खाती शोधून दुरुस्त केली. ते तीन गट मालकांनी परत आल्यावर थोडा बदल करून कायम ठेवले आहेत.

माझा हात हिशेब जुळवण्यात पक्का आहे. त्याबरोबर माल रवाना करणं, ई-वे बिल काढणं आणि रागावलेल्या ग्राहकाशी हिंदी, मराठी किंवा साध्या इंग्रजीत बोलणं ही कामं मी रोज करते. जाहिराती आणि डिझाइन मला येत नाही. गरज पडली तर शिकेन, पण आज त्या कामासाठी माझ्यावर अवलंबून राहू नये.

मागच्या आठवड्यात मी आपले दोन पुडे देवासला मागवले. पीठ छान होतं. खोकं ३० × २५ × २० सें.मी. होतं, वजन १.१ किलो. भाडं आकारमानावर लागत असेल तर ते ३ किलोचं पडलं असावं. तुमचा कुरिअरशी करार कसा आहे हे मला माहीत नाही, त्यामुळे माझा अंदाज चूक असू शकतो. एका महिन्याच्या कुरिअर बिलात 'आकारलेलं वजन' हा रकाना पाहिला तर अर्ध्या तासात कळेल. चालणार असेल तर ते मी येऊन पाहीन.

आपल्याला सोयीचं असेल तेव्हा फोनवर बोलता येईल. सध्याच्या नोकरीतून मोकळं व्हायला मला ३० दिवस लागतील.

आपली,"

आणि खाली नाव, फोन. एवढंच. एका पानात बसलं. 'अनिश्चितता' हा शब्द त्यात एकदाही नाही, 'टोपी'ही नाही.

'मालकांनी थोडा बदल करून कायम ठेवले' हे वाक्य आम्ही खात्री करून घेतलं. तिच्या आठवणीत 'तसेच ठेवले' होतं. प्रत्यक्षात शेठजींनी दुसऱ्या गटाची मर्यादा वाढवली होती. असं एखादं वाक्य पुढे फोनवर पडताळलं जातं, आणि लहान शहरात तर फारच सहज. इंदूर कितीही वाढलं तरी दवा बाजारातला माणूस दोन फोनांत सापडतो. आकड्यांचंही तसंच. मुलाखतीत जो आकडा कागद न पाहता समजावता येणार नाही, तो पत्रात घालू नये.

पाचव्या दिवशी मालकाचा फोन आला. आमची अपेक्षा होती की खोक्याबद्दल विचारील. त्याने आधी विचारलं ते त्या रागावलेल्या दुकानदाराबद्दल: तो पुन्हा माल घेतो का? घेतो, असं तिने सांगितलं. मग त्याने दोन दिवस येऊन काम करून पाहण्याविषयी विचारलं, त्याचे पैसे देऊ म्हणाला. हे अलीकडे बऱ्याच ठिकाणी करतात. पैसे न देता आठवडाभर काम करून घेणारेही आहेत. तिथे आम्ही मुलांना सरळ नाही म्हणायला सांगतो.

त्या दोन दिवसांत तिच्यापुढे ठेवलं ते काम पत्रातल्यापेक्षा अवघड होतं. माल मिळाल्यावर पैसे देणाऱ्या ग्राहकाचे पैसे कुरिअरकडे जमा होतात आणि कुरिअर ते काही दिवसांनी कंपनीला एकत्र रकमेत पाठवतो, कधी त्यातूनच भाडं कापून. एका महिन्याच्या ऑर्डरी एका पत्रकात, कुरिअरचा जमेचा हिशेब दुसऱ्यात, आणि दोन्ही जुळत नव्हते. तिने पार्सलच्या नंबरावरून ओळ न् ओळ लावली. फरकाच्या नोंदी तीन ढिगांत पडल्या. माल पोचला पण पैसे आले नाहीत, हा पहिला. ग्राहकाने घेतला नाही, परत निघाला, पण गोदामात पोचला नाही, हा दुसरा. पैसे आले पण कमी आले, हा तिसरा. ११ नोंदी मात्र कुठेच बसेनात.

नवशिका माणूस इथे दोन चुका करतो. एक तर त्या ११ नोंदी जुळेपर्यंत बाकीचं काम दाखवत नाही, नाही तर त्या कुठल्या तरी ढिगात कोंबून पत्रक जुळलं म्हणून सांगतो. आमच्या बँकेत यासाठी उचंत खातं असतं. ज्या रकमेचं शीर्षक कळत नाही ती तिथे टाकायची, पण तपशिलासकट आणि तारखेसकट, आणि ती तिथून लवकर निघाली पाहिजे. उचंत खात्यात जुन्या नोंदी साचलेली शाखा तपासनिसाला दारातूनच ओळखू येते. तिने तसंच केलं. चौथा रकाना काढला, 'कळत नाही', आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं की कोणता कागद मिळाला तर कळेल. ही तिला आम्ही शिकवलेली गोष्ट नव्हती. दवा बाजारात मुदत संपलेल्या मालाच्या परताव्याचे हिशेब करताना ती शिकली होती.

नोकरी मिळाली, २८ हजारांवर. मग वडिलांच्या प्रश्नाकडे वळावं लागलं. पडेल ते काम करीन असं पत्रात म्हटल्यावर ते किती आणि कुठपर्यंत, हे विचारायचा हक्क उमेदवाराला आहे. हे पत्रात विचारू नये. जागा देऊ केल्यावर, हो म्हणायच्या आधी, विचारावं.

तिने तीन गोष्टी विचारल्या. पहिली, पहिल्या तीन महिन्यांत माझं काम झालं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवाल? अनेक कामं करणाऱ्या माणसाला हाच धोका असतो. दहा ठिकाणी हातभार लावतो आणि वर्षअखेरीला त्याच्या नावावर एकही काम पूर्ण दिसत नाही. मालकाने सांगितलं, कुरिअरचे हिशेब आणि ग्राहकांच्या तक्रारी. ते तिने नेमणूकपत्रात लिहून मागितलं. दुसरी, भविष्यनिर्वाह निधीचं काय? वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला साधारणपणे तो सक्तीचा नसतो, त्यामुळे २२ वरून २८ हजार ही वाढ दिसते तेवढी असतेच असं नाही. तिच्या स्टॉकिस्टकडेही तो नव्हता, म्हणून तिच्या बाबतीत फरक पडला नाही. इतरांनी जुना पगार आणि मालकाचा पीएफचा हिस्सा धरून तुलना करावी.

तिसरा प्रश्न विचारायला ती लाजत होती, आम्ही आग्रह केला: आज विक्री आहे तेवढीच राहिली तर किती महिन्यांचे पगार हातात आहेत? हिशेब सोपा आहे. समजा बँकेत ३६ लाख आहेत आणि येणारे पैसे वजा जाता महिन्याला ४ लाख कमी पडतात, तर नऊ महिने. चांगला मालक हा आकडा ढोबळ का होईना सांगतो. या मालकाने "साधारण दहा महिने, आणि त्याआधी तोट्यातून बाहेर पडायचा प्रयत्न आहे" असं सांगितलं. ज्याच्या घरी हप्ता आहे त्याने दहा महिने ऐकल्यावर निदान चार हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवून मगच जावं, असं आम्ही तिच्या वडिलांसमोर सांगितलं. ती चार महिन्यांची तजवीज झाली तेव्हा वडिलांनी होकार दिला. तोवर मालक थांबला, हे त्याचं कौतुक.

जो मालक या तीन प्रश्नांवर चिडतो किंवा "आमच्याकडे असे प्रश्न विचारणारी माणसं नको" म्हणतो, त्याच्याकडे अनिश्चितता आहे असं समजू नये. तिथे त्याला काय हवंय ते पुरेसं निश्चित असतं. मंडळातल्या आणखी एका मुलाला असाच अनुभव आला, त्याने पत्र उत्तम लिहिलं होतं आणि नोकरी नाकारली.

या मुलीला आता पाच महिने झाले. कुरिअरचे हिशेब ती पाहते, तक्रारीचे फोन घेते, मध्यंतरी दोन आठवडे पुडे भरणाऱ्या बायकांची हजेरीही तिच्याकडे होती. गेल्या महिन्यात देवासच्या मावशीने पुन्हा पीठ मागवलं. खोकं अजून तेवढंच मोठं आलं. आम्ही विचारलं, तर म्हणाली, "काका, जुनी चारशे खोकी पडून आहेत. लांबच्या ऑर्डरी नव्या खोक्यात जातात, देवासचं भाडं कमी लागतं म्हणून तिकडे जुनी संपवतेय."